दाल मिलच्या चार मशिनी, त्यातली एक विकलेली: घसाऱ्याच्या फेरमांडणीच्या नोंदी

८ एप्रिल २०२५

मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका गावची दाल मिल, दोन भावांची भागीदारी. त्यांच्या २०२४-२५च्या हिशेबातलं मशिनरीचं काम आजपासून हाती घेतलं. कारण बँकेचं आहे. कॅश क्रेडिटचं नूतनीकरण करायचंय आणि मशिनी बँकेकडे तारण आहेत, म्हणून बँकेने मशीनवार यादी मागितली आहे: कोणती मशीन, कधी घेतली, किती किमतीची, आज पुस्तकात किती. वहीत मात्र 'मशिनरी खाते' असं एकच खाते आहे. त्यात खरेदी येत गेली, दर मार्चअखेर घसारा वजा होत गेला आणि खाली एक आकडा राहिला. ३१ मार्च २०२४ची शिल्लक ७,९१,१३७ रुपये. यातला किती क्लीनरचा आणि किती रोलरचा, हे त्या पानावरून कळत नाही.

त्यात वर्षभरात दोन गोष्टी घडल्या. जुना रोलर नोव्हेंबरमध्ये विकला आणि त्याच्या जागी नवा बसवला. आधीच्या हिशेबनीसांनी काम सोडण्यापूर्वी वर्षाचा कच्चा हिशेब करून ठेवलाय. त्यात नव्या मशीनची किंमत खात्यात वाढवलीय, विक्रीचे पैसे वजा केलेत आणि उरलेल्या रकमेवर सरसकट १५ टक्के घसारा धरलाय: १,८६,९२१ रुपये. हा आकडा टिकतो का, हे पाहायचं.

घसाऱ्याचं धोरण भावांशी बोलून कागदावर घेतलं. ही भागीदारी संस्था असल्यामुळे कंपनी कायद्याच्या अनुसूची २मधलं आयुर्मान यांना बंधनकारक नाही. पहिल्या वर्षापासून ऱ्हासमान शेष पद्धतीने, म्हणजे दरवर्षी उरलेल्या शिलकीवर, १५ टक्के धरत आले आहेत, तेच पुढे चालवायचं. मशीन वर्षाच्या मध्ये आली किंवा गेली तर जितके महिने वापरात होती तितक्याच महिन्यांचा घसारा. पंधरा तारखेपर्यंत सुरू झाली तर तो महिना धरायचा, त्यानंतर सुरू झाली तर पुढच्या महिन्यापासून. हा पंधरा तारखेचा नियम कायद्यातला नाही, आम्ही ठरवलेला आहे. पण एकदा ठरवला की प्रत्येक मशीनला तोच.

९ एप्रिल

मिलमध्ये गेले. तुरीचा हंगाम असल्यामुळे मशिनी चालू होत्या. दुपारी भारनियमनाने बंद पडल्या तेव्हा जवळून पाहता आल्या. क्लीनरच्या अंगावर तुरीच्या टरफलाची आणि तेलाची इतकी जाड खपली होती की कारखान्याची पत्र्याची पट्टी दिसतच नव्हती. मिस्त्रीने रॉकेलच्या चिंधीने ती पुसली तेव्हा अनुक्रमांक आणि बनावटीचं वर्ष वाचता आलं, आणि बिलावरच्या क्रमांकाशी ते जुळलं. प्रत्येक मशीनच्या सांगाड्यावर रंगाने खूण टाकून घेतली: यं-१ क्लीनर, यं-३ एलेव्हेटर, यं-४ नवा रोलर. यं-२ हा क्रमांक विकलेल्या रोलरचा. ती मशीन जागेवर नाही, तरी क्रमांक तिचाच राहील. तो दुसऱ्या मशीनला द्यायचा नाही, नाहीतर दोन मशिनींचा इतिहास एका ओळीत मिसळेल.

बिलांच्या फाइलीतून मिळालेल्या तारखा आणि किमती अशा. क्लीनर १ एप्रिल २०२१, ४,००,००० रुपये. जुना रोलर १ ऑक्टोबर २०२१, ६,००,००० रुपये. एलेव्हेटर १ जानेवारी २०२३, २,००,००० रुपये. या तिघांच्या तारखांबद्दल वाद नाही, मशीन ज्या दिवशी बसली त्याच दिवशी चालू झाली.

नव्या रोलरची गोष्ट वेगळी. बिल २५ सप्टेंबर २०२४चं, ७,८०,००० रुपयांचं. मशीन गावात आली ती दिवाळीनंतर. मग पाया ओतला, तो मुरू दिला, थ्री-फेजची केबल ओढली. वाहतुकीचे १८,००० आणि पाया, केबल व जोडणीचे ४२,००० रुपये लागले. हे ६०,००० कच्च्या हिशेबात 'दुरुस्ती व देखभाल' खात्यात टाकलेले दिसले. ते तिथले नाहीत. मशीन जागेवर येऊन चालण्याजोगी होईपर्यंतचा सगळा थेट खर्च मशीनच्या किमतीत जातो. म्हणून यं-४ची मूळ किंमत ८,४०,००० रुपये धरली.

इथे जीएसटीही तपासून घेतला. खरेदीच्या जीएसटीची वजावट घेतली असेल तर ती रक्कम मशीनच्या किमतीत धरता येत नाही. करावर घसारा आणि त्याच कराची वजावट, असा दुहेरी फायदा कायदा देत नाही. मिलने वजावट घेतलेली नाही, म्हणून वरच्या सगळ्या किमती करासह आहेत.

आता यं-४ची सुरुवात कोणत्या तारखेपासून? बिलाची तारीख घेतली तर घसारा ऑक्टोबरपासून सुरू होतो. पण ऑक्टोबरात ती मशीन गावातही नव्हती. पुस्तकातला घसारा मशीन वापरायला तयार झाल्यापासून धरतात. मिलमध्ये रोजच्या भरडाईची डायरी असते. तिच्यात १ डिसेंबर २०२४च्या पानावर 'नवीन रोलर चालू' असं लिहिलंय, पुढे त्या दिवशी भरडलेले कट्टे. त्या पानाचा फोटो काढून फाइलीत लावला. घसाऱ्याच्या तारखेला याहून चांगला पुरावा गावात मिळणं अवघड आहे.

१५ एप्रिल

आज मुख्य काम: एका आकड्याच्या तीन ओळी करायच्या.

एकच खाते ठेवून इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नाही, याला कारण आहे. ऱ्हासमान शेष पद्धतीत सगळ्या मशिनींचा दर एकच असेल तर तिन्हींच्या शिलकींवर वेगवेगळे १५ टक्के काढा किंवा बेरजेवर एकदाच काढा, उत्तर तेच येतं. दोन गोष्टींनी हे बिघडतं. एक, वर्षाच्या मध्ये आलेली मशीन, कारण तिला पूर्ण वर्षाचा घसारा लागत नाही. दुसरी, विक्री. विकलेल्या मशीनची त्या दिवशीची पुस्तकी किंमत लागते आणि ती बेरजेतून बाहेर काढता येत नाही. ती मिळवायला त्या मशीनच्या पहिल्या दिवसापासून घसारा पुन्हा मोजत यावं लागतं.

मोजत आले. क्लीनर पूर्ण वर्षांचा असल्यामुळे सरळ आहे: ४,००,०००मधून पहिल्या वर्षी ६०,०००, मग ५१,०००, मग ४३,३५०. ३१ मार्च २०२४ला उरतात २,४५,६५०.

जुना रोलर पहिल्या वर्षी सहाच महिने चालला. ६,००,०००चे १५ टक्के म्हणजे ९०,०००, त्याचे निम्मे ४५,०००. उरले ५,५५,०००. पुढच्या वर्षी ८३,२५०, त्यानंतर ७०,७६३. ३१ मार्च २०२४ला ४,००,९८७.

एलेव्हेटर २०२२-२३मध्ये तीन महिने: ७,५००. उरले १,९२,५००. २०२३-२४चा घसारा २८,८७५, शिल्लक १,६३,६२५.

तिन्हींची बेरीज ८,१०,२६२ येते. वहीत ७,९१,१३७ आहेत. फरक १९,१२५ रुपयांचा, आणि वहीत तितके कमी आहेत. म्हणजे मागे कुठेतरी घसारा जास्त लागलाय.

हा फरक 'किरकोळ समायोजन' म्हणून मिटवता आला असता. तसं मी करणार नाही. फरक विकलेल्या रोलरच्या ओळीत असेल तर विक्रीचा नफा-तोटाच चुकेल, आणि क्लीनरच्या ओळीत असेल तर पुढची सगळी वर्षं. तो नेमका कुठला आहे हे कळल्याशिवाय पुढे जायचं नाही.

१६ एप्रिल

फरक सापडला. कसा शोधला ते नीट लिहून ठेवते, कारण एकत्र खात्याची वही उघडली की हे दरवेळी कामी येतं.

ऱ्हासमान शेष पद्धतीत जुनी चूक आहे तेवढीच राहत नाही. पुढच्या प्रत्येक वर्षी तीही १५ टक्क्यांनी आटते, म्हणजे ०.८५ने गुणली जाते. त्यामुळे आजच्या फरकाला ०.८५ने भागलं की एक वर्ष आधी तो किती होता ते कळतं. आणखी एकदा भागलं की दोन वर्षं आधीचा. ज्या वर्षी चूक झाली त्या वर्षापर्यंत पोचलं की आकडा सहसा सुबक होतो, कारण तो मूळ किंमत, दर आणि महिने यांच्या गुणाकारातून थेट आलेला असतो.

१९,१२५ भागिले ०.८५ म्हणजे २२,५००. पुन्हा भागलं तर २६,४७०.५९, हा काही कुठल्या गुणाकाराचा आकडा दिसत नाही. म्हणजे चूक २०२२-२३मधली, २२,५०० रुपयांची. त्या वर्षी काय आलं? एलेव्हेटर. २,००,०००चे १५ टक्के ३०,०००, त्याचे नऊ महिन्यांचे २२,५००. जानेवारीत आलेल्या एलेव्हेटरला बारा महिन्यांचा घसारा लावला गेला होता. वहीचं त्या वर्षीचं पान उघडलं: सुरुवातीची शिल्लक ८,९५,०००, त्यात खरेदी २,००,०००, आणि १०,९५,०००वर सरसकट १,६४,२५०. अगदी तेच.

आदल्या वर्षी रोलरला मात्र बरोबर सहा महिने धरले होते. तेव्हा धोरण ठाऊक होतं, नुसतं एका वर्षी पाळलं गेलं नाही. त्यामुळे विकलेल्या रोलरची ओळ स्वच्छ आहे, चूक फक्त यं-३ची.

या युक्तीला मर्यादाही आहे. दोन वेगवेगळ्या वर्षांत दोन चुका असतील तर भागाकारातून काही सुबक निघत नाही. मध्येच दर बदलला असेल तर ज्या वर्षी जो दर होता त्याप्रमाणे भागावं लागतं. आणि रुपयातल्या गोळाबेरजेने आकडा एक-दोन रुपयांनी हलू शकतो. अशा वेळी प्रत्येक वर्षाची बेरीज वहीच्या त्या-त्या वर्षाच्या शिलकीशी ताडून पाहणं हाच मार्ग.

दुरुस्ती कशी करायची? २०२२-२३ आणि २०२३-२४चे हिशेब सह्या होऊन बंद झालेत, ते उघडायचे नाहीत. दुरुस्ती २०२४-२५मध्येच येईल, पण चालू वर्षाच्या घसाऱ्यात मिसळून नाही. लेखा मानक ५प्रमाणे ती 'मागील कालावधीची बाब' म्हणून नफा-तोटा पत्रकात वेगळी दिसली पाहिजे.

याच नोंदीतून खात्याची रचनाही बदलून घेतली. आतापर्यंत घसारा थेट मशिनरी खात्यातून वजा व्हायचा, त्यामुळे मूळ किंमत दिसेनाशी झाली होती. आता यंत्र खात्यात फक्त मूळ किंमत राहील आणि आजवरचा घसारा 'संचित घसारा' या वेगळ्या खात्यात. यंत्र खाते ७,९१,१३७वरून १२,००,०००वर नेलं, म्हणजे ४,०८,८६३ नावे. समोर संचित घसारा ३,८९,७३८ जमा आणि मागील कालावधीची बाब १९,१२५ जमा.

२२ एप्रिल

थोरले भाऊ बँकेत जाता जाता थांबले. त्यांचा प्रश्न सरळ होता: "ताई, मशीन इकली, सव्वातीन लाख आले, ते मशिनरीच्याच खात्यात जमा झाले. मंग आता तोटा कायचा?"

प्रश्न रास्त आहे, कारण रोकडीत तोटा कुठे दिसतच नाही. त्यांना समोर बसवून ओळ दाखवली. म्हटलं, "भाऊ, १ एप्रिलला वहीप्रमाणे रोलर ४,००,९८७चा होता. तुम्ही ३० नोव्हेंबरला दिला. त्या आठ महिन्यांचा घसारा लागेल." वर्षाच्या १५ टक्क्यांचे आठ महिने म्हणजे नेमके दहा टक्के: ४०,०९९. विक्रीच्या दिवशी पुस्तकात राहिले ३,६०,८८८. आले ३,२५,०००. तोटा ३५,८८८.

त्यावर ते म्हणाले, "पावसाळ्यात तं तो बंदच होता. तेवढे महिने काढून टाका." काढता येत नाहीत. हंगाम नाही म्हणून मशीन उभी राहिली तरी तिचं वय वाढतच असतं, पट्टे कडक होतात, एमरीचा थर ओल धरतो. नुसती बंद आहे म्हणून घसारा थांबवत नाहीत. वापरातून कायमची काढून विक्रीसाठी वेगळी ठेवली असती तर गोष्ट निराळी होती. हा रोलर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत हरभरा भरडत होता, डायरीत तसं आहे.

आता कच्च्या हिशेबात काय बिघडलं होतं ते. विक्रीचे ३,२५,००० सरळ मशिनरी खात्यातून वजा केले. पण खात्यात रोलरचे ४,००,९८७ होते. म्हणजे ७५,९८७ रुपये मागे राहिले, अशा मशीनचे जी मिलमध्ये नाही. त्यावर दरवर्षी १५ टक्के घसारा निघत राहणार. पहिल्या वर्षाअखेर उरतील ६४,५८९, आणि या पद्धतीत ती रक्कम शून्यावर कधीच येत नाही. बँकेचा माणूस यादी घेऊन मिलमध्ये उभा राहिला तर यादी आणि ताळेबंद यांच्यात तेवढी फट पडेल, आणि ती दरवर्षी वेगळी असेल.

त्यामुळे विक्रीसाठी 'यंत्र विक्री खाते' उघडलं आणि यं-२शी संबंधित सगळं त्यात आणून ते बंद केलं. आधी आठ महिन्यांचा घसारा ४०,०९९ नावे, संचित घसारा जमा. मग यंत्र विक्री खाते ६,००,००० नावे, यंत्र खाते जमा. यामुळे मूळ किंमत बाहेर पडली. नंतर संचित घसारा २,३९,११२ नावे, यंत्र विक्री खाते जमा. हे १,९९,०१३ जुने आणि ४०,०९९ या वर्षाचे. बँक ३,२५,००० नावे, यंत्र विक्री खाते जमा. शेवटी उरलेले ३५,८८८ नफा-तोटा खात्याला.

या पाच नोंदींमध्ये सगळ्यात जास्त विसरली जाते ती संचित घसाऱ्याची. मशीनची मूळ किंमत काढली जाते आणि तिचा घसारा मागे राहतो. मग संचित घसाऱ्याचं खाते मशीनवार यादीच्या बेरजेपेक्षा जास्त दाखवतं आणि सगळी मालमत्ता कमी दिसते. ओळखायचं कसं, तर फरक विकलेल्या मशीनच्या संचित घसाऱ्याएवढाच असतो.

२ मे

नोंदवहीचा तक्ता एक्सेलमध्ये मांडला. एका मशीनला एक ओळ. स्तंभ: A खूण, B वापर सुरू झाल्याची तारीख, C मूळ किंमत, D वर्षारंभीची पुस्तकी किंमत, E विक्रीची तारीख (नसेल तर रिकामी), F महिने, G वर्षाचा घसारा. वर्षाची सुरुवात J1मध्ये, शेवट J2मध्ये.

```
F5: =DATEDIF(MAX(B5,$J$1),IF(E5="",$J$2,E5)+1,"m")
G5: =ROUND(IF(B5>=$J$1,C5,D5)*15%*F5/12,0)
```

पहिलं सूत्र महिने मोजतं: जुन्या मशीनचे वर्षारंभापासून, नव्याचे तिच्या तारखेपासून, आणि विकलेल्याचे विक्रीच्या दिवसापर्यंत. यात +1 आहे ते शेवटचा दिवस मोजण्यासाठी. तो विसरला तर ३१ मार्चपर्यंत अकराच महिने येतात. तारखा महिन्याच्या मधल्या असतील तर आमच्या पंधरा तारखेच्या नियमाने B आणि E आधी महिन्याच्या टोकाला आणून लिहायच्या. दुसरं सूत्र याच वर्षी आलेल्या मशीनला मूळ किमतीवर आणि बाकीच्यांना शिलकीवर घसारा लावतं.

यात एक गोष्ट मला फार उपयोगी वाटते. पुढच्या वर्षी J1, J2 बदलले आणि विकलेली ओळ तक्त्यात तशीच राहिली, तर सुरुवातीची तारीख विक्रीच्या तारखेपुढे जाते आणि एक्सेल `#NUM!` दाखवतं. ती चूक IFERROR लावून झाकायची नाही. विकलेल्या मशीनवर घसारा निघू पाहतोय, हे सांगणारा तो इशारा आहे.

वर्षाचा तक्ता:

| मशीन | मूळ किंमत | १-४-२०२४ची पुस्तकी किंमत | महिने | वर्षाचा घसारा | ३१-३-२०२५ची पुस्तकी किंमत |
|---|---|---|---|---|---|
| यं-१ क्लीनर | ४,००,००० | २,४५,६५० | १२ | ३६,८४८ | २,०८,८०२ |
| यं-२ जुना रोलर | ६,००,००० | ४,००,९८७ | ८ | ४०,०९९ | विक्री |
| यं-३ एलेव्हेटर | २,००,००० | १,६३,६२५ | १२ | २४,५४४ | १,३९,०८१ |
| यं-४ नवा रोलर | ८,४०,००० | खरेदी | ४ | ४२,००० | ७,९८,००० |

घसारा एकूण १,४३,४९१. पुस्तकी किंमत एकूण ११,४५,८८३.

या बेरजेवर विश्वास ठेवण्याआधी खात्यांकडून उलटी पडताळणी केली. मूळ किंमत: १२,००,०००मध्ये ८,४०,००० आले, ६,००,००० गेले, राहिले १४,४०,०००. संचित घसारा: ३,८९,७३८मध्ये १,४३,४९१ आले, २,३९,११२ गेले, राहिले २,९४,११७. वजाबाकी ११,४५,८८३. तक्ता आणि खाती दोन वेगळ्या वाटांनी एकाच आकड्यावर आली.

कच्च्या हिशेबातला घसारा १,८६,९२१ होता. एवढी तफावत मुख्यतः नव्या रोलरमुळे: चार महिन्यांऐवजी पूर्ण वर्ष धरलं होतं. नफा त्यामुळे कमी दिसत होता. विक्रीचा तोटा मात्र त्यात कुठेच नव्हता.

९ मे

सीएंकडे आयकराच्या घसाऱ्याचं काम बघून आले. दर तोच १५ टक्के, मशिनी त्याच, तरी उत्तर वेगळं येतं. धाकट्या भावांना हे समजावून सांगायचंय म्हणून इथे मांडते.

आयकरात मशीनवार हिशेब नसतो. एकाच दराच्या मशिनी मिळून एक गट होतो आणि गटाची एकच शिल्लक चालते. यात विकलेल्या मशीनचा नफा-तोटा वेगळा काढत नाहीत, मिळालेले पैसे गटातून वजा करतात, बस. म्हणजे आधीच्या हिशेबनीसांनी वहीत जे केलं ते आयकराच्या पत्रकात अगदी बरोबर ठरलं असतं. बहुधा तिथूनच ती सवय वहीत आली असावी. दोन्हीकडे दर सारखा असला की हिशेबही सारखाच असेल असं वाटतं.

महिनेही इथे मोजत नाहीत. ज्या वर्षी मशीन घेतली त्या वर्षी ती १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर निम्मा दर, नाहीतर पूर्ण. २०२४-२५मध्ये ३ ऑक्टोबरला सुरू झालेल्या मशीनचे ३१ मार्चपर्यंत बरोबर १८० दिवस भरतात, ४ ऑक्टोबरच्या मशीनचे नाहीत. म्हणून यं-४च्या बिलावरची २५ सप्टेंबर ही तारीख मोहात पाडणारी होती. पण दिवस वापराचे मोजायचे, बिलाचे नाहीत. १ डिसेंबरपासून धरलं तर निम्माच दर. याउलट जुना रोलर १ ऑक्टोबर २०२१ला सुरू झाला होता, त्याचे १८२ दिवस भरले आणि त्या वर्षी आयकरात पूर्ण ९०,००० मिळाले, वहीत मात्र ४५,०००. दोन्हीकडच्या शिलकी तिथपासूनच वेगळ्या झाल्या.

गटाची १ एप्रिल २०२४ची शिल्लक ७,७१,३७५. त्यातून विक्रीचे ३,२५,००० वजा, राहिले ४,४६,३७५. त्यावर १५ टक्के: ६६,९५६. नव्या रोलरच्या ८,४०,०००वर साडेसात टक्के: ६३,०००. एकूण १,२९,९५६, आणि वर्षाअखेर गटात ११,५६,४१९. नव्या मशीनवरचा अतिरिक्त घसारा सीएंनी या हिशेबात धरलेला नाही.

जुन्या रोलरच्या आठ महिन्यांचा घसारा आयकरात मिळालाच नाही आणि ३५,८८८चा तोटाही नाही. तो बुडाला असं मात्र नाही. विक्रीचे पैसे वजा झाल्यावर जे गटात उरलं त्यावर दरवर्षी घसारा मिळत राहील. विक्रीची रक्कम सगळ्या गटाची शिल्लक आणि नवी खरेदी यांच्या बेरजेपेक्षा जास्त आली असती, किंवा गटातली शेवटची मशीनही विकली असती, तरच अल्पकालीन भांडवली नफा किंवा तोटा निघाला असता. इथे तीन मशिनी शिल्लक आहेत, तो प्रश्न येत नाही.

कराच्या मोजणीत पुस्तकी नफ्यात १,४३,४९१ आणि ३५,८८८ परत मिळवले, मागील कालावधीचे १९,१२५ वजा केले, आणि मग १,२९,९५६ वजा. मागील १९,१२५ हे वहीच्या चुकीचे आहेत. आयकराच्या विवरणात एलेव्हेटरला तेव्हाही निम्माच दर लागला होता, म्हणून तिकडे दुरुस्ती नाही.

१४ मे

बँकेची यादी तक्त्यातून काढून दिली. यं-२ तारणाच्या जुन्या यादीत अजून आहे. विक्रीची पावती जोडून तो वगळण्याचं पत्र भावांच्या सहीने आजच दिलं, आणि यं-४ जोडण्याचं.

२०२५-२६चा तक्ता उघडून ठेवला. यं-४च्या D स्तंभात ७,९८,००० आले, आता तिला पूर्ण बारा महिने लागतील: १,१९,७००. यं-२ची ओळ 'विक्री' या वेगळ्या पानावर हलवली, तिचा अनुक्रमांक, पावती आणि पाचही नोंदींसह. क्लीनरची मोटार बदलायची म्हणत आहेत. ती फक्त जुनी काढून तशीच नवी बसवायची असेल तर दुरुस्ती खर्च, जास्त ताकदीची घेऊन उतारा वाढणार असेल तर यं-१च्या नावाखाली यं-१अ अशी वेगळी ओळ, तिच्या स्वतःच्या तारखेसह. मिस्त्रीला सांगितलंय की बसवल्या दिवशी डायरीत लिहा आणि जुन्या मोटारीचं काय केलं तेही लिहा.